स्क्रीन घेण्याआधी समोरची भिंत बघा

डीलरच्या शोरूममध्ये कुठलाही स्क्रीन झकास दिसतो. वर ट्यूबलाइट, खाली गार फरशी, उन्हाचं नाव नाही. तिथे ४०० निट्सचा घरगुती टीव्ही आणि २५०० निट्सचा दुकानी स्क्रीन शेजारी शेजारी लावले, तर टीव्हीच डोळ्यांना बरा वाटतो आणि दुसरा खुपतो. मग तो टीव्ही शोकेसच्या काचेमागे लागतो आणि दोन दिवसांत दुकानदाराचा फोन येतो, "अहो, यात आमची मिठाई सोडून सगळं दिसतं. समोरचं मेडिकल, रिक्षा, मी स्वतः." डीलर म्हणतो, जास्त निट्सचा घ्या. किती जास्त, असं विचारलं की गोदामात जो पडून असेल तेवढ्याचा, असं उत्तर मिळण्याची शक्यता बरीच.

निट्स हे स्क्रीनकडून डोळ्यांकडे येणाऱ्या उजेडाचं माप. पुस्तकात त्याला कँडेला प्रति चौरस मीटर म्हणतात. लक्स हे त्याचं भावंड, पण ते मोजतं एखाद्या जागेवर किती उजेड पडतो ते. दुकानाच्या आत ३०० ते ५०० लक्स असतात, ढगाळ दिवशी बाहेर दहा-वीस हजार, आणि थेट उन्हात एक लाखाच्या आसपास. दोन्ही मापं जोडणारा एक सोपा हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे. पांढऱ्या कागदावर जितके लक्स पडतील, त्याच्या साधारण चौथ्या हिश्शाइतके निट्स तो कागद परत देतो. म्हणजे उन्हात धरलेला कोरा कागद २५,००० निट्सचा झाला. खिडकीसाठी म्हणून बाजारात मिळणारे स्क्रीन बहुतेक २५०० ते ४००० निट्सच्या घरात थांबतात. तेव्हा उन्हाशी चढाओढ करण्याचा विचार मुळातच सोडून द्यावा.

सुदैवाने तशी गरजही नसते. अक्षर वाचता यायला त्याचा उजळ भाग आणि काळा भाग यांच्यात पुरेसा फरक लागतो, एवढंच. अंधाऱ्या खोलीत स्क्रीनचा काळा हा खरोखर काळा असतो. रस्त्यावर मात्र त्या काळ्यावर काचेतून परतणारा उजेड येऊन बसतो. तो पांढऱ्यावरही बसतो, पण तिथे तो जाणवत नाही. काळा वर सरकला की फरक आटतो आणि चित्र धुतल्यासारखं होतं. उजळ भाग काळ्याच्या दुप्पटही नसेल तर चित्र ओळखू येतं, वाचवत नाही. तिप्पट असेल तर मोठी अक्षरं वाचता येतात. पाचपट झाला की चालत्या माणसालाही भाव कळतो. स्क्रीनच्या खोक्यावर छापलेला आकडा या हिशेबातला वरचा अर्धा भाग आहे. खालचा अर्धा भाग, म्हणजे परतणारा उजेड, तुमच्या काचेवर आणि तुमच्या रस्त्यावर ठरतो. तो कुठल्याच खोक्यावर छापलेला नसतो.

एक दुकान धरून हिशेब करू. पुण्यातलं मिठाईचं दुकान, तोंड पश्चिमेला. शोकेसची साधी, पारदर्शक काच, तिच्या वीतभर आत ५५ इंची उभा स्क्रीन. मालकाने ७०० निट्सचा घेतलाय, कारण "कमर्शियल आहे, घरच्यापेक्षा दुप्पट" असं सांगितलं गेलं. दुकान पश्चिमेचं म्हणजे त्रास दुपारनंतर, असं कुणालाही वाटेल. पण मालकाची तक्रार सकाळची आहे. साडेनऊ-दहाला, नेमकी गिऱ्हाइकं कामावर जाता जाता थांबतात तेव्हा, स्क्रीनवर काही म्हणजे काही दिसत नाही.

कारण रस्त्यापलीकडे आहे. समोरच्या इमारतीचं तोंड पूर्वेला, तिचा रंग फिकट बदामी, आणि सकाळचं ऊन तिच्यावर थेट. त्या वेळी उभ्या भिंतीवर साधारण ६०,००० लक्स पडतात. फिकट रंगाची भिंत त्यांतल्या पाचव्या हिश्शाइतके निट्स परत देते, म्हणजे भिंत झाली १२,००० निट्सची. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून चार टक्के उजेड परततो. पृष्ठभाग दोन, म्हणून आठ टक्के. तेवढ्यानेच साडेनऊशेच्या वर निट्स गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत येतात. त्यात स्क्रीनच्या स्वतःच्या पुढच्या थरावरून येणारी थोडी भर घालू आणि सरळ १००० धरू.

आता स्क्रीन. ७०० निट्सपैकी काच ओलांडून येतात सुमारे ६२०. तेव्हा पांढरा भाग झाला १६२०, काळा भाग १०००. दीडपटीच्या थोडा वर. मालक म्हणतो त्यात काही खोटं नाही. डीलरचं ऐकून त्याने २५०० चा घेतला, तर काचेबाहेर येतील २२००, आणि गुणोत्तर होईल ३.२. ठळक अक्षरं वाचता येतील. ४००० चा घेतला तर साडेचार. पाचपट हवं असेल तर साडेचार हजारांच्या वरचा शोधावा लागेल, आणि तो घेतला की त्याच्यामागून वीजबिल आणि उष्णता येणारच.

हा हिशेब घरच्या घरी तपासता येतो. शोकेसमध्ये स्क्रीन जिथे लावायचा तिथे आतून काळा कार्डबोर्ड किंवा काळं मखमली कापड लावायचं आणि फुटपाथवर गिऱ्हाईक उभं राहतं तिथे जायचं. त्या काळ्यावर जे दिसतं, तोच तुमचा परतणारा उजेड. समोरची पाटी वाचता येत असेल तर दुखणं मोठं आहे. आपण स्वतः काचेपुढे उभे राहिलो की एक गंमत दिसते. गडद शर्ट घातला असेल तर आपल्या आकाराचा एक काळा तुकडा काचेत उमटतो, आणि फक्त तेवढ्या भागात स्क्रीन स्वच्छ वाचता येतो. लोक काचेला नाक लावून, दोन्ही हातांचा आडोसा करून आत डोकावतात ते यासाठीच. पांढरा सदरा घालून, तोही उन्हात, तोच प्रयोग केला तर उलट होतं.

त्याच काळ्या कापडापुढे, काचेच्या आत, आपला मोबाइल धरून बघावा. ब्राइटनेस आपोआप बदलण्याची सोय बंद करून पट्टी शेवटपर्यंत ओढायची. बऱ्याच फोनांमध्ये अशा वेळी ५०० निट्सच्या आसपास उजेड मिळतो. जाहिरातीतला मोठा आकडा फक्त उन्हात आणि आपोआपच्या सोयीवरच चढतो. आपल्या फोनचा हाताने मिळणारा आकडा कंपनीच्या माहितीत बघून घ्यावा. त्या पडद्यावरचा काळ्यावर पांढरा मजकूर हातभर अंतरावरून पुसट दिसत असेल, तर तेवढ्या निट्सचा मोठा स्क्रीनही तितकाच पुसट दिसेल. आकार वाढल्याने अक्षरं मोठी होतात, काळा काही जास्त काळा होत नाही.

इथे बहुतेक जण एकच दिशा धरतात, निट्स वाढवण्याची. त्याच हिशेबात खालचा आकडा कमी करून बघू. काचेला दोन्ही बाजूंनी परावर्तन कमी करणारा लेप असेल, तर आठ टक्क्यांचे दीड-दोन टक्के होतात. परतणारा उजेड १००० वरून ३०० च्या आसपास येतो. आता १५०० निट्सचा स्क्रीन लावला, तर काचेबाहेर १३२० येतील, पांढरा भाग होईल १६२०, काळा ३००, आणि गुणोत्तर पाचाच्या वर. साध्या काचेमागे चार हजारांच्या स्क्रीनला जे जमत नव्हतं, ते दीड हजाराच्या स्क्रीनने केलं. लेपाची काच स्वस्त नसते, पण तिला वीज लागत नाही, ती तापत नाही आणि तिचा फायदा स्क्रीनशेजारच्या मिठाईच्या ताटांनाही मिळतो.

फक्त दुकानात मागताना घोटाळा होऊ देऊ नये. फोटो फ्रेमवाल्यांकडे मिळणारी खरखरीत, मॅट काच ही वेगळी वस्तू आहे. ती उजेड कमी करत नाही, पसरवते. समोरच्या भिंतीची रेष दिसेनाशी होते, पण तिचा उजेड पांढुरक्या धुक्यासारखा स्क्रीनभर बसतो. आणि उष्णता अडवण्यासाठी लावतात ती चकचकीत सोलर फिल्म तर शत्रूच. ती आतला उजेड बाहेर येताना निम्म्याहून जास्त खाते आणि बाहेरचा जास्त परत फेकते. सराफी दुकानांत अशी गडद फिल्म बऱ्याचदा असते. ३५ टक्के उजेड सोडणाऱ्या फिल्ममागे २५०० निट्सचा स्क्रीन लावला की बाहेर येतात ८७५. एवढे पैसे देऊन आपण पुन्हा जवळपास साध्या स्क्रीनवरच आलो. फिल्म काढायची नसेल तर निदान स्क्रीनच्या मापाचा चौकोन तरी कापून मोकळा करावा.

दुकानाचं काम नव्याने चालू असेल तर आणखी एक उपाय आहे, तो म्हणजे काच तिरकी बसवण्याचा. काचेची वरची कड दहा अंश रस्त्याकडे झुकवली की बघणाऱ्याला समोरची भिंत न दिसता वीस अंश खालचा फुटपाथ दिसतो. आपल्या पश्चिमेच्या दुकानाच्या बाबतीत सकाळी तो फुटपाथ दुकानाच्याच इमारतीच्या सावलीत असतो, म्हणजे भिंतीच्या मानाने काळोखच. लंडनच्या पिकॅडिलीवर १९३६ मध्ये उघडलेल्या सिम्पसन्सच्या कपड्यांच्या दुकानात याच तत्त्वावर आतल्या बाजूला वळवलेल्या काचा बसवल्या होत्या, प्रतिबिंब गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत येऊच नये म्हणून. त्या काळात निट्स वाढवण्याची सोय नव्हती, तेव्हा काच वाकवली.

आता दुपार. चारच्या सुमारास सूर्य पश्चिमेला साधारण छत्तीस अंशांवर उतरलेला असतो आणि ऊन थेट काच ओलांडून स्क्रीनवर पडतं. समोरची भिंत आता सावलीत गेलेली, म्हणून प्रतिबिंबाचा त्रास कमी. आपण बघत असलेल्या दिशेने सूर्याचं थेट प्रतिबिंबही येत नाही, ते खाली जमिनीकडे जातं. तरीही स्क्रीन मरगळलेला दिसतो, आणि याचं कारण सकाळच्यापेक्षा वेगळं आहे. स्क्रीनशेजारी ठेवलेली पांढरी भावपाटी त्याच उन्हात १३,००० निट्सने चमकत असते. तिच्यापुढे ७०० काय आणि २५०० काय, डोळ्याला राखाडीच. वाचता येतं, पण नजर तिकडे जात नाही. अशा वेळी स्क्रीनच्या आसपासचा भाग गडद ठेवावा, पांढरी पाटी आणि चकचकीत स्टीलची ताटं दूर सरकवावीत, आणि बाहेर ताडपत्रीची शेड खाली ओढावी. शेडीने ऊन अडलं की दहा हजार निट्सचा प्रश्नच मिटतो. सकाळच्या भिंतीवर मात्र शेडीचा काही उपयोग नाही, कारण ते प्रतिबिंब वरून येत नाही, समोरून येतं.

थेट उन्हात धुळीचंही बघावं लागतं. सावलीत जी काच स्वच्छ वाटते, तिच्यावरचा प्रत्येक कण उन्हात पेटतो आणि सगळ्या काचेवर दुधी साय येते. नवा स्क्रीन बिघडला म्हणून तक्रार करण्याआधी ओल्या फडक्याने हातभर काच पुसून बघावी.

दुपारच्या उन्हाचा खरा धोका उष्णतेचा आहे. एलसीडीतला द्रवस्फटिक एका ठरावीक तापमानाच्या वर आपली मांडणी सोडून देतो. साध्या पॅनलमध्ये ही मर्यादा ७० ते ८० अंश सेल्सियसच्या आसपास असते. बंद शोकेस, मागे स्क्रीनची स्वतःची ऊब आणि पुढून ऊन, अशी स्थिती झाली की मध्यभागी किंवा वरच्या बाजूला काळा डाग पसरू लागतो. संध्याकाळी गार झालं की तो आपोआप जातो, म्हणून मालक समजतो सॉफ्टवेअर अडकलं. असं रोज होत राहिलं तर पॅनल आणि त्याच्यावरचे थर लवकर खराब होतात. उन्हातल्या वापरासाठीच्या पॅनलची ही मर्यादा ११० अंशांपर्यंत असते, आणि विक्रेत्याला निट्सच्या आधी हा प्रश्न विचारावा. निट्स वाढले की बॅकलाइटची उष्णता वाढते, हे इथे ध्यानात येतं. ७०० निट्सचा ५५ इंची स्क्रीन साधारण दीडशे वॉट घेतो, तर २५०० चा तीनशेच्या वर. रोज बारा तास चालवला तर महिन्याला पन्नासेक युनिट विरुद्ध शंभराच्या वर. ही सगळी वीज शेवटी शोकेसमध्ये ऊब होऊन राहते. वर आणि खाली हवा खेळायला फटी ठेवल्याशिवाय असा स्क्रीन बंद पेटीत लावूच नये.

दक्षिणमुखी दुकानांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यात हमखास चूक होते. पाहणी मे महिन्यात होते, कारण तेव्हा ऊन "कडक" असतं. पण मेच्या मध्यात पुण्यात दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या काचेवर जवळजवळ पडतच नाही. साधा छज्जाही त्याला पुरतो. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी ४८ अंशांवर, दक्षिणेला असतो आणि छज्ज्याखालून सरळ शोकेसमध्ये शिरतो. दक्षिणेच्या खिडकीची परीक्षा थंडीत घ्यावी. मुंबई, नाशिक, पणजी इथेही चित्र थोड्याफार फरकाने हेच.

उघड्यावरच्या काउंटरचा हिशेब यापेक्षा सोपा असतो, कारण मधली काच नसते. हायवेवरचं रसवंतीगृह किंवा चहाचा स्टॉल घ्या, वर पत्रा, तिन्ही बाजू मोकळ्या. बिलाचा टचस्क्रीन मागे कललेला असतो, बोटाला सोयीचा म्हणून. तो कललेला असल्याने त्याच्यात आकाश दिसतं, आणि आकाश सहज पाच हजार निट्सचं असतं. टचच्या काचेत आणि पॅनलमध्ये हवेची फट असेल तर दहा-बारा टक्के परततात, म्हणजे पाच-सहाशे निट्स. काच पॅनलला चिकटवलेली असेल, ज्याला ऑप्टिकल बाँडिंग म्हणतात, तर चार-पाच टक्के, म्हणजे दोनशे-अडीचशे. चिकटवलेल्या काचेचा १००० निट्सचा स्क्रीन इथे पाचपट गाठतो, फटीच्या काचेचा तेवढ्याच निट्सचा तीनपटही गाठत नाही. पण त्याहून स्वस्त उपाय डोक्यावरच आहे. पत्रा पुढे थोडा वाढवायचा आणि त्याची खालची बाजू गडद, बिनचमकीच्या रंगाने रंगवायची. मग कललेल्या स्क्रीनमध्ये आकाशाऐवजी ती गडद बाजू दिसते आणि परतणारा उजेड नगण्य होतो. गॉगल घालून येणाऱ्यांसाठी एक तपासणी करून घ्यावी. पोलराइज्ड गॉगलमधून काही स्क्रीन उभे लावले की पूर्ण काळे दिसतात. गॉगल डोळ्यांवर ठेवून स्क्रीन आडवा आणि उभा फिरवून पाहिला की लगेच कळतं.

आणि काउंटरवर फक्त भावफलकच लावायचा असेल, रोज बदलणार नसेल, तर छापील फलकाला हरवणारा स्क्रीन नाही. पेट्रोल पंपावरच्या बऱ्याच साध्या आकड्यांच्या तबकड्याही याच जातीच्या असतात, उजेड परत फेकून वाचल्या जाणाऱ्या. ऊन जितकं कडक, तितके त्या स्पष्ट.

खरेदीच्या वेळी आकड्यांकडे थोडं संशयाने बघावं. टीव्हीच्या जाहिरातीतले १५०० निट्स हे पडद्याच्या छोट्याशा तुकड्यावर, काही सेकंदांपुरते असतात. भावफलकासारखं पांढरं पान पूर्ण पडद्यावर लावलं की तोच टीव्ही स्वतःला वाचवायला काहीशेवर उतरतो. दुकानी स्क्रीनच्या माहितीपत्रकातही आकडा नुसत्या पॅनलचा आहे की पुढच्या संरक्षक काचेसकट, हे विचारावं. बॅकलाइट वापराने मंदावतो. पन्नास हजार तास हे आयुष्य बहुधा उजेड निम्मा होईपर्यंतचं असतं. रोज बारा तास चालणारा स्क्रीन तिथे अकरा वर्षांनी पोहोचतो, पण चौथ्या-पाचव्या वर्षीच फरक जाणवू लागतो. म्हणून हिशेबात आलेल्या आकड्यावर वीस-पंचवीस टक्के भर घालून घ्यावं. आणि चित्र बनवणाऱ्याला सांगावं की काळ्या पार्श्वभूमीवर बारीक सोनेरी अक्षरं नकोत. सराफांना ती फार आवडतात, पण काळ्या पार्श्वभूमीतच रस्ता सगळ्यात छान दिसतो. फिकट पार्श्वभूमी आणि जाड गडद अक्षरं घेतली तर प्रतिबिंब विरून जातं.

सूर्य मावळल्यावर हे सगळं उलटं होतं. २५०० निट्सचा स्क्रीन रात्री तसाच सोडला तर समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराचे डोळे दिपतात आणि मिठाईचा फोटो पांढरा पडतो. रात्री ३०० ते ५०० निट्स भरपूर होतात. त्यासाठी उजेड मोजणारा सेन्सर असतो, पण तो बसवताना एक गोष्ट बघावी लागते. कारागीर तो सोयीसाठी स्क्रीनच्या मागे, दुकानाच्या आतल्या बाजूला चिकटवतो. तिथे दिवसभर ट्यूबलाइटचे चारशे लक्स सारखेच असतात, म्हणून स्क्रीन भर दुपारीही मंद राहतो आणि मालक पुन्हा डीलरला फोन करून निट्सबद्दल भांडतो. सेन्सरचं तोंड रस्त्याकडे, काचेला लागून आणि शेडीच्या सावलीबाहेर हवं.